साठ सेकंदांची आक्का

आक्का आमच्याहून बरीच मोठी होती, आणि हे तिला एक दिवसही विसरू द्यायचं नाही असं जणू सगळ्या होस्टेलने ठरवलं होतं. कोणाचं डोकं दुखलं की आक्का. कोणाचं पोट दुखलं की आक्का. नळ गळायला लागला तरी आक्का. ती शिकायला होती मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला, पण चेहऱ्यावरून आणि चालण्यावरून कोणाची तरी पालक वाटायची. पहिल्या वर्षी एका नव्या मुलीच्या आईने तिलाच रेक्टर समजून लेकीच्या जेवणाबद्दल बराच वेळ सूचना दिल्या होत्या. आक्काने त्या सगळ्या ऐकून घेतल्या, आणि पुढे पाळल्याही.

माझी खोली तिच्या शेजारची. मी साहित्याची, म्हणून ती मला पंडितीणबाई म्हणायची. आमच्यात फार गप्पा व्हायच्या असं नाही. ती भिंतीला टेकून बसायची, मी वाचत असायची, आणि मध्येच ती एखादं वाक्य बोलायची. "आज गरम होतंय." मग थांबायची. मी मान वर करून हो म्हटलं की पुढचं वाक्य. मला वाटायचं, हळू बोलणारी बाई आहे, बस्स.

परीक्षा संपल्या तशी होस्टेल रिकामं व्हायला लागलं. बॅगांची चाकं दिवसभर कॉरिडॉरमधून खडखडत जायची आणि मग एकदम शांतता. आक्काच्या खोलीतली दुसरी मुलगी, जिला आम्ही टकळी म्हणायचो, तिची नोकरी ठरली होती आणि ती गादी गुंडाळून निघूनही गेली होती. तिने कंपनीला पाठवायचा आपला परिचयाचा व्हिडिओ जिन्यात उभं राहून एका दमात केला होता. "साठ सेकंद?" ती म्हणाली होती, "साठ सेकंदांत तर माझा श्वासही संपत नाही."

आक्काचा व्हिडिओ मात्र होत नव्हता.

त्या वर्षी कॉलेजात नोकऱ्या द्यायला आलेली ही शेवटची कंपनी होती. घरी आजारी माणूस असेल तर पलंग, व्हीलचेअर, हवेची गादी असं भाड्याने पुरवणारी. त्यांना फोनवर लोकांशी बोलायला माणसं हवी होती, आणि शिक्षणात मध्ये गेलेल्या वर्षांबद्दल त्यांची अट नव्हती. बाकीच्या कंपन्यांनी आक्काचा अर्ज त्या वर्षांपाशीच बाजूला ठेवला होता. इथे मुलाखतीच्या आधी फक्त एक गोष्ट मागितली होती: साठ सेकंदांचा व्हिडिओ. एकाच शॉटमध्ये, मध्ये न कापता, कुठलाही फिल्टर न लावता. साठच्या वर एक सेकंद गेला तरी त्यांची साइट फाइल घेत नव्हती. मुदत होती दुसऱ्या दिवशी संध्याकाळची.

आणि व्हिडिओ गेला नाही तर काय, ते आक्काला पक्कं माहीत होतं, कारण तिच्या दादाचा फोन येऊन गेला होता. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"वहिनीच्या आईला आता उठवत नाही," दादा म्हणाला. "तू येच इकडे. तुला सवय आहे या कामाची. बाई ठेवायची म्हणजे परक्या माणसाचा काय भरवसा."

"माझं इथलं बघतेय ना, दादा."

"बघ की. नाही झालं तर घर आहेच."

फोन ठेवल्यावर ती खूप वेळ मोबाइलची काच ओढणीच्या टोकाने पुसत राहिली. "घर आहेच," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्लेसमेंटच्या सरांकडे गेलो. सर म्हणजे वर्षभर एकच शर्ट वेगवेगळ्या रंगांत घालणारा सज्जन माणूस. हंगाम संपत आला होता, त्यांच्या टेबलावर चहाचे तीन कप तसेच पडले होते. त्यांनी आक्काने आदल्या दिवशी केलेला व्हिडिओ लावला. पाऊण मिनिट बघितला आणि थांबवला.

"आधी फ्रेम," ते म्हणाले. "तुम्ही खिडकीला पाठ करून बसलात. मागे उजेड, पुढे अंधार. चेहरा दिसतोय का? पोलिसांनी साक्षीदार लपवावा तसं दिसतंय. खिडकी समोर घ्या. मोबाइल आडवा. डोळ्यांच्या उंचीवर, खाली पुस्तकं रचा हवी तेवढी. डोक्याच्या वर थोडी जागा, फार नाही, नाहीतर माणूस बुडाल्यासारखा दिसतो. खाली छातीपर्यंत. डोळे चौकटीच्या वरच्या भागात यायला हवेत. मागे कोरी भिंत, दोरीवर टॉवेल नको."

"तो टकळीचा होता," आक्का म्हणाली.

"ज्याचा असेल त्याचा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, मध्येच कोणाचा फोन येतो. पंखा बंद. आता मजकूर." त्यांनी तिचा कागद उचलला. माझं त्या कागदावर थोडं काम झालं होतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले. "'जीवनाच्या वाटचालीत' वगैरे काढा. कोण, काय शिकलात, एक काम जे स्वतः केलंत, आणि ही नोकरी का. चारच गोष्टी. मधल्या वर्षांबद्दल एकच वाक्य, माफी न मागता. वडिलांची सेवा केली, त्यातून हे हे कळलं. आणि खाली बघू नका."

"खाली?"

"कागद वाचताय ना मांडीवर ठेवून. प्रत्येक वाक्याला नजर खाली जाते."

"पाठ आहे मला, सर."

"मग नजर का जाते? आणि किती थांबता मध्ये? मला वाटलं माझं इंटरनेट अडकलं. साठच्या वर गेलाय तो त्यामुळेच." मग त्यांना स्वतःचाच आवाज चढल्याचं जाणवलं असावं. "हे बघा, सगळ्यांचंच होतं. लेन्स म्हणजे काळं भोक. त्याच्याशी कोण बोलणार? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, त्याच्या मागे आपलं माणूस आहे असं समजायचं. अगदी जवळचं. ज्याच्याशी बोलताना तुम्हाला कधी अडखळायला होत नाही. मग बघा कसा ओघ येतो."

आक्काने मान हलवली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हे सोपं आहे." तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा मोकळा झाला होता.

खोलीत आम्ही टेबल खिडकीपाशी ओढलं. माझे दोन शब्दकोश, तिची अकाउंटिंगची जाडी पुस्तकं, वर बुटांचं खोकं, आणि त्याला टेकवून मोबाइल आडवा उभा केला. मागचा कॅमेरा वापरला, कारण पुढच्या कॅमेऱ्यात ती स्वतःलाच बघत बसायची. मी लेन्स पुसली. पंखा बंद केला. केस बांधलेले बरे की सोडलेले, यावर थोडा वाद झाला आणि बांधलेले जिंकले. मजकुरातली माझी सगळी फुलं खुडून टाकली. राहिलं ते साधं आणि तिच्या तोंडचं होतं: मी अमुक, अमुक शिकले, कॉलेजच्या मेसची तक्रार नोंदवायची पद्धत मी बदलली आणि तक्रारी निम्म्या झाल्या, मध्ये काही वर्षं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची काळजी घेतली, म्हणून घरी आजारी माणूस असलेल्याला फोनवर काय विचारायचं असतं ते मला माहीत आहे. घड्याळ लावून मोठ्याने वाचलं तर साठच्या आत आरामात बसत होतं.

मी मोबाइलच्या मागे उभी राहिले. ती बोलायला लागली, आणि पहिल्याच वाक्यानंतर तिची नजर लेन्सवरून सरकून माझ्यावर आली.

"माझ्याकडे नको, त्याच्याकडे."

"तू समोर उभी राहिलीस तर तुझ्याकडेच बघणार ना मी."

मग मी बाहेर जायचं ठरलं. बटण तीच दाबणार, दोन क्षण थांबणार, बोलणार, पुन्हा दोन क्षण थांबणार, म्हणजे सुरुवात आणि शेवट तुटणार नाही. मी दार ओढून घेतलं आणि रिकाम्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसले. आतून तिचा आवाज यायचा. एक वाक्य. मग शांतता. मग दुसरं वाक्य. मग शांतता. शेवटी दार उघडायचं. "सत्तर झाले." पुन्हा. "बहात्तर."

जेवणाची वेळ टळून गेली. तिने टेकवर टेक केले. एकदा बाहेर कोणी बादली आपटली म्हणून वाया गेला, एकदा तिला शिंक आली, एकदा बुटांचं खोकं खचलं आणि चित्र कलंडलं. पण बाकीचे सगळे एकाच कारणाने. आणि चमत्कारिक गोष्ट म्हणजे सकाळच्या टेकपेक्षा दुपारचे जास्त लांब होत होते. चेहरा सुंदर दिसत होता, आवाज मऊ आणि खरा होता, आणि सेकंद वाढत होते.

"सरांनी सांगितलं तसं करतेयस का?"

"तेच तर करतेय. अगदी तेच."

आम्ही पलंगावर बसून एक टेक आवाज बंद करून बघितला. आवाज काढला की देह दिसतो. आक्का लेन्सकडे बघून बोलत होती. वाक्य संपलं की तिची हनुवटी थोडी खाली यायची, नजर लेन्सवरून वीतभर खाली उतरायची आणि तिथेच ठरायची. काहीतरी बारकाईने बघत असल्यासारखी. मग डोळ्यांत किंचित हसू यायचं, ती मान हलवायची, आणि पुढचं वाक्य सुरू करायची.

"कोणाला समजलीस लेन्सच्या मागे?" मी विचारलं.

"अण्णांना." तिने असं सांगितलं, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. मग पडद्यावर बघता बघता ती पुढे वाकली. तिने टेक पुन्हा लावला. पुन्हा बंद केला.

"ते पडून असायचे ना, जाईपर्यंत," ती म्हणाली. "झटका आल्यावर वाचा गेली होती. हात नाही, पाय नाही. डोळे तेवढे. हो असेल तर पापणी मिटायची. पण लगेच नाही मिटायची, वेळ लागायचा त्यांना. मी एक वाक्य बोलायची आणि बघत बसायची. घाई केली, दुसरं वाक्य मध्ये घातलं, की ते पहिल्यावरच अडकून पडायचे आणि डोळ्यांतून पाणी काढायचे. म्हणून एक वाक्य, मग थांबायचं. भाजी आणली अण्णा. थांबायचं. दादाचा फोन आला होता. थांबायचं. दिवसभर हेच. घरात तिसरं कोणी नव्हतंच."

खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कोणी गॅलरी धूत होतं. पाणी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर टपटपत होतं.

"मला माहीतच नव्हतं मी अजून थांबते," आक्का म्हणाली.

मला माहीत होतं, मी रोज तिच्यासमोर बसत होते. पण ते काय आहे हे मला कळलं नव्हतं. मी म्हटलं, "मग वाक्यं कमी करू. तू थांब तेवढी. चार वाक्यं काढून टाकली की बसेल."

आम्ही तेही करून बघितलं. मेसचं काम काढलं, शिक्षण एका ओळीत आणलं. सत्तावन्न सेकंदांत बसलं. पण बघितलं तर ते परिचय वाटेना. एक बाई कोणाला तरी एक एक गोष्ट सांगते आहे आणि चौकटीबाहेरचा तो कोणीतरी उत्तर देतो आहे, असं वाटत होतं. आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतोय असं. आक्कानेही तो पूर्ण बघितला नाही.

"हे त्यांना नाही दाखवायचं," ती म्हणाली. "हे त्यांचं नाही."

उजेड सरकायला लागला होता. भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली आली होती, म्हणून टेबल थोडं फिरवावं लागलं. फाइल चढायला लागणारा वेळ धरला तर हातात फार काही उरलं नव्हतं. मी दुसऱ्या कोणाला समजायला सुचवलं. मैत्रीण समज. टकळीला समज. ती हसली. "टकळीसमोर मला बोलायला कधी मिळालंय?" दादाला समज म्हटलं, तर तिने हातानेच नको केलं. मग म्हणाली, "ज्याच्याशी मी बोलले असं माणूस एकच आहे गं. दुसरं आणायचं कुठून?"

आणि मग तीच उठली. तोंड धुऊन आली. पुस्तकांची रास नीट केली, मोबाइल सरळ केला, त्याच्या आत वाकून बघितलं, अगदी जवळून, विहिरीत बघावं तसं.

"काही नाहीये इथे," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. "एक भोक आहे. मागे पुठ्ठा आहे. त्याच्या मागे खिडकी." तिने मागे सरून खुर्ची जागेवर घेतली. "जा बाहेर."

मी कॉरिडॉरमध्ये बसले. आतून तिचा आवाज आला. सरळ, स्पष्ट, एका वाक्यामागून दुसरं, मध्ये श्वासापुरती जागा. वडिलांचं वाक्य आलं आणि गेलं, तेही न थांबता. मग शांतता, दोन क्षणांची, ठरवलेली. मी दार उघडायची वाट बघत बसले, पण ते उघडलं नाही. शेवटी मीच आत गेले. ती खुर्चीतच बसली होती, मोबाइल समोर तसाच उभा, पडद्यावर वेळ थांबलेली. अठ्ठावन्न.

"झालं," ती म्हणाली.

बघितला. एका नजरेत कळलं की हाच. डोळे लेन्सवर, हनुवटी स्थिर, शेवटी बारीकसं योग्य हसू. माझ्या ओळखीच्या बाईपेक्षा ही थोडी तरुण होती आणि बरीच लांब होती. आम्ही फाइल चढवली. निळी रेघ मुंगीच्या गतीने सरकत होती आणि आम्ही दोघी तिला डोळ्यांनी ढकलत होतो. पोहोचली. मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून आक्काने बाकीचे टेक एकदम निवडले. बोट क्षणभर वर राहिलं. तो सत्तावन्न सेकंदांचा तिने ठेवला का, मी विचारलं नाही.

यादी आठवड्याभरात लागली. त्यात ती होती. पुढची मुलाखत समोरासमोर झाली, तिथे समोरची माणसं उत्तरं देत होती, त्यामुळे तिला काही जड गेलं नाही. नोकरी मिळाली. ती बातमी घेऊन ती माझ्या खोलीत आली तेव्हा मी नव्हते, लायब्ररीत होते. परत आले तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये कठड्याला टेकून उभी होती आणि सगळ्या दारांना कुलपं होती. "किती वेळ उभी आहेस?" म्हटलं, तर म्हणाली, "सांगायचं होतं कोणाला तरी." दादाला तिने कळवलं होतं. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं.

कामाच्या ठिकाणाजवळ तिने एकटीसाठी खोली घेतली. कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा दाखला न्यायला आली होती, आणि सरांनी तिला पकडलं. पुढच्या वर्षाची मुलं हॉलमध्ये बसली होती. सरांनी आक्काचा व्हिडिओ भिंतीवर लावला. आम्ही दोघी मागच्या रांगेत बसलो. भिंतीएवढी आक्का साठ सेकंदांना दोन कमी एवढं बोलली. सर काठीने दाखवत होते: डोक्यावरची जागा बघा, डोळे कुठे आहेत बघा, उजेड बघा. "किती टेक घेतले असतील? पण शेवटच्यात कुठे दिसतोय थकवा? आणि नजर बघा. ही नजर येते कुठून? मी काय सांगतो नेहमी?"

"लेन्सच्या मागे आपलं माणूस," पुढची दोन-तीन मुलं एका सुरात म्हणाली.

"त्या स्वतःच बसल्यात मागे. विचारा त्यांना."

एक मुलगी वळली. वही उघडी, पेन हातात. "ताई, तुम्ही कोणाला समजलात?"

आक्का उभी राहिली. इतकी मुलं तिच्याकडे बघत होती. "कोणालाच नाही," ती म्हणाली. "समोर कोणी नाही असं समजले."

हॉलमध्ये हलकं हसू पसरलं. सरही हसले. "विनय आहे त्यांचा. तुम्ही आपलं माणूसच लिहा."

मुलांनी माना खाली घालून लिहिलं. आम्ही बाहेर आलो. जिन्यावर मी म्हटलं, "सरांना हवं होतं ते सांगून टाकायचं होतंस. काय बिघडलं असतं?"

"अगं, त्यांच्यात एखादीचं आपलं माणूस गेलेलं असेल," ती म्हणाली, आणि दाखला पिशवीत नीट सरळ ठेवून, मी काही म्हणायच्या आत, पायऱ्या उतरायला लागली.